शेजारची जागा रिकामी आहे

व्हिडिओ अपलोड होऊन दोन दिवस झाले होते आणि वर्णनाची चौकट अजून रिकामीच होती.

सत्यशीला घाटनांदूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असे. सुट्ट्यांमध्ये ती प्रवास करी आणि त्याचे व्हिडिओ 'खिडकीची सीट' या चॅनलवर टाकी. चॅनलचं नाव आरोहीनं ठेवलेलं. आरोही म्हणजे तिच्या भावाची, उमापूरच्या अंगदची मुलगी. अकरावीला आत्याकडे शिकायला आली ती बी.एस्सी. होईपर्यंत राहिली. एकीनं बोलायचं, दुसरीनं फोन धरायचा. एकीनं चुका काढायच्या, दुसरीनं कापाकापी करायची, असं ते चालत आलं होतं. शेवटचं काम, म्हणजे वर्णनाच्या चौकटीतलं कॅप्शन, कायम आरोहीचं. उत्सुकता वाटेल अशी एक ओळ, प्रीमियरचा, म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी पहिल्यांदा बघायचा, दिवस आणि वेळ, आणि सबस्क्राईब करा म्हणून सांगणं, तेही अंगावर न येता. एवढंच असायचं, पण आरोही त्यासाठी अर्धा तास उशीत तोंड खुपसून पडून राहायची.

जूनमध्ये आरोही पुण्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागली. हा तिच्याशिवाय केलेला पहिला व्हिडिओ.

मधल्या सुट्टीत सत्यशीलानं प्रयोगशाळेच्या ओट्यावर वही न घेताच, थेट फोनवर कॅप्शन लिहिलं. स्लाइडचे डबे पुसत असलेल्या मुंजाजीला दाखवलं. मुंजाजी प्रयोगशाळेतला परिचर, युसूफ वडगावचा. चॅनलचा पहिल्यापासूनचा प्रेक्षक. बघताना मात्र झोपतो, असं तो स्वतःच सांगे.

त्यानं फोन लांब धरून वाचलं. "रात्रीच्या वेळी समुद्राचे पाणी ढवळले असता काही सूक्ष्मजीवांमुळे प्रकाश निर्माण होतो. याचे निरीक्षण करण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील एका किनाऱ्यास भेट दिली." तो थांबला. "बाई, ह्ये कॅप्शन हाय का जर्नल? खाली आकृती काढून नावं बी द्या की."

"चूक काय आहे त्यात?"

"चूक न्हाईच. म्हणूनच कुणी बघणार न्हाई."

सत्यशीला हसली. तिनं ते पुसलं नाही, पण टाकलंही नाही. संध्याकाळी आरोहीला फोन लावला.

"आत्या, पाठवलेलं बघितलं गं मी," आरोही म्हणाली. ती चहाच्या सुट्टीत होती, मागे लॅबमधल्या सेंट्रिफ्यूज यंत्राची घरघर ऐकू येत होती. "असं कर, पहिली ओळ लिही: समुद्राला लागली निळी आग! पुढं तो तोंडाला हात लावलेला चेहरा."

"आग नाही ती. एकपेशीय जीव आहेत. पाणी हललं की उजळतात, इतकंच."

"मला माहितेय! मी पण बी.एस्सी. केलंय, तुझ्याच स्वयंपाकघरात. पण पहिल्या दोन ओळीच दिसतात ना. बाकीचं 'अधिक' दाबल्यावर. तिथं सूक्ष्मजीव आले की माणूस पळालाच."

"आणि निळी आग म्हणून आत आलेल्या माणसाला काय दाखवू? माझ्याकडे तिथं अंधार आहे."

हीच खरी अडचण होती. त्या रात्री समुद्र खरंच उजळला होता. भाऊबीज करून सत्यशीला अंबाजोगाईहून कोल्हापूरमार्गे गेली होती. द्वितीया-तृतीयेची कोर लवकर मावळते, अंधार चांगला मिळतो, असा हिशेब तिनं आणि आरोहीनं मिळूनच केला होता. आरोहीला ऐनवेळी रजा मिळाली नाही. सत्यशीला एकटी गेली. पाय पाण्यात घातला तशी घोट्याभोवती निळसर रेघ उठली, लाटेच्या कडेनं पसरत गेली आणि विझली. तिनं फोन धरला होता. फोनला ते दिसलंच नाही. पडदा काळा आणि त्यावर लाटांचा आवाज. बराच वेळ. तिनं तो भाग कापला नव्हता.

"मी म्हटलं होतं, तिथं दुसऱ्या कुणाचा शॉट टाकू. फुकट मिळतात."

"दुसऱ्याचं दिसलेलं मी कसं दाखवू?"

आरोही म्हणाली, "बरं बाई. मग तूच लिही. या वेळी तूच लिही, आत्या. वेळ शनिवारी आठ ठेव. मी साडेसहाला सुटते. रूमवर जाऊन, खाऊन बसते. दोघी बरोबर बघू, फोनवर. तू चॅटवर नीट उत्तरं दे, नुसतं 'धन्यवाद' नको."

हे आरोही म्हणाली आणि सत्यशीलाला तेवढंच हवं होतं. आजवरचे सगळे प्रीमियर दोघींनी ओट्याशी बसून बघितले होते. एका फोनवर व्हिडिओ, दुसऱ्यावर चॅट. प्रेक्षक थोडे असत. एकदा तर सुरुवातीच्या काउंटडाउनला दोनच जण थांबलेले दिसत होते आणि ते म्हणजे या दोघीच होत्या. आरोही हसून हसून ओट्यावरून खाली उतरली होती. तेव्हा ते चाललं. आता तिथं एकच जण दिसला असता.

त्या संध्याकाळी तिनं पुन्हा लिहायला घेतलं. जे घडलं तेच लिहायचं आणि त्याहून जास्त नाही, एवढं तिनं ठरवलं.

'समुद्र अंधारात उजळतो असं ऐकलं होतं. बघायला गेले. मला दिसला, कॅमेऱ्याला नाही.

प्रीमियर: शनिवार, रात्री ८ वाजता.'

सबस्क्राईबपाशी ती अडली. 'बेल दाबा' तिला लिहवेना. घरात कुणी नसताना दार वाजवल्यासारखं वाटे. परतीच्या बसचा एक शॉट व्हिडिओत शेवटी होता. खिडकीतून मागे जाणारी झाडं, आणि फोन जरा हलल्यामुळे क्षणभर दिसलेली शेजारची सीट. तिच्यावर सत्यशीलाची पिशवी ठेवलेली होती. तिनं तो शॉट पुन्हा पाहिला आणि लिहिलं:

'खिडकीजवळ मी आहे. शेजारची जागा रिकामी आहे. बसावंसं वाटलं तर सबस्क्राईब करा.'

तिनं ते वर्णनात टाकलं, प्रीमियरची वेळ लावली, फेसबुकवर घातलं आणि मुंजाजीला पाठवलं. मुंजाजीनं उत्तरादाखल अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी कळलं, त्यानं ते गावाच्या, भावकीच्या आणि भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटांत टाकलं होतं. वर स्वतःची ओळ जोडून: 'आमच्या बाईंचा व्हिडिओ. आठ म्हंजी आठ. समद्यांनी बघायचा.'

"भजनी मंडळात कशाला?" तिनं विचारलं.

"त्येंच्याकडं येळ आसतो, बाई."

शनिवारी दुपारी तिनं बाजारातून मेथी आणली. निवडत असताना आरोहीचा फोन आला.

"आत्या, रागावू नको. संस्कृतीला बरं नाही, ती येत नाहीये. तिची शिफ्ट माझ्यावर आली. नऊला सुटेन. साडेनऊ कर ना. होतं ना ते पुढं ढकलता?"

"होतं."

"मग कर. मी येतेच. आणि..." आरोही थांबली. "ती शेवटची ओळ. शेजारची जागा. ती माझ्यावर आहे का?"

सत्यशीलाच्या हातातली काडी तशीच राहिली. "तुझ्यावर कशी असेल? सबस्क्राईब करा म्हणून लिहिलंय."

"पप्पांनी वाचून मला फोन केला. म्हणले, बघ, आत्या काय लिहिती, एकटी पाडलीस तिला. आत्या, मी काय मजा करायला आलेय का इथं?"

"अंगदला कळत नाही. तू कामाला गेलीस, मीच तर पाठवलं."

"मग काढ ना ती ओळ. लोक विचारतात मला."

"बरं. प्रीमियर झाला की काढते."

"आत्ताच का नाही?"

का नाही, ते सत्यशीलाला नीट सांगता आलं नाही. "ते आता गटागटांत गेलंय, आरू. माझ्या इथं बदलून तिथलं बदलत नाही," ती म्हणाली. ते खरं होतं, पण कारण तेवढंच नव्हतं.

फोन ठेवून तिनं चॅनलच्या स्टुडिओ ॲपमध्ये वेळ साडेनऊ केली. वर्णनात आठच्या जागी साडेनऊ केलं, फेसबुकवरही केलं. मुंजाजीला कळवलं, त्याच्याकडे एकच खूण उमटली, फोन बंद असावा. गटांत गेलेले निरोप आता कुणालाच दुरुस्त करता येणार नव्हते. त्यानं काय बिघडतं, तिला वाटलं. मागच्या वेळी चॅटमध्ये बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती, आणि त्यातला एक मुंजाजी, झोपलेला. ज्यानं यायला हवं होतं त्याच्यासाठी वेळ बदलली होती. हिशेब सरळ होता.

तिन्हीसांज झाली. तिनं भाकऱ्या थापल्या, मेथी परतली. डब्यातून पीठ काढताना अजून हात दोघींचंच माप घेई. उरलेल्या भाकऱ्या सकाळी ती चुरून खाई. ताट वाढून घेतलं, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि प्रीमियरचं पान सहज उघडून पाहिलं. वर लहान अक्षरांत साडेनऊची वेळ. शेजारी चॅट. ते पान लावल्यापासूनच चॅट उघडी असते, पण तिथं आधी कधी कुणी बोललं नव्हतं.

आता तिथं माणसं होती.

'बाई आठ वाजले.'

'आठ म्हणले होते ना?'

'इथं साडेनऊ दाखवतंय.'

'नमस्कार. आम्ही भजन लवकर आटोपलं.'

पानाखाली थांबलेल्यांचा आकडा होता. तो तिच्या सवयीच्या आकड्यापेक्षा बराच मोठा होता. सत्यशीलानं घास तसाच ठेवून लिहिलं, 'नमस्कार. क्षमा करा, वेळ बदलली आहे. रात्री ९.३० ला सुरू होईल. धन्यवाद.' आणि धन्यवाद लिहिल्यावर आरोहीची आठवण झाली.

आकडा एक-दोननं उतरला. मग बंकट या नावानं कुणी लिहिलं:

'बाई आमी कारखान्यावर हाय. कोपीवर. साडेनऊला झोपलो आसतो. पहाटे फडात जायचंय.'

ऊसतोडीचा हंगाम होता. बीड जिल्ह्यातली अर्धी गावं दिवाळी करून सातारा, सांगली, कर्नाटकात गेलेली, दिवसा उसाच्या फडात आणि रात्री पाल्याच्या झोपडीत, म्हणजे कोपीत. घाटनांदूरच्या वर्गातही बाकं मोकळी होती. बंकट कुठल्या कारखान्यावर होता ते त्यानं लिहिलं नाही. सत्यशीलानं विचारलं, 'तुम्ही कोणत्या गावचे?'

'युसूफ वडगाव. मुंजाजी माझा मेव्हणा. त्यानं पाठवलंय.'

लगेच आणखी एक ओळ आली. 'सात जण बसलोत एका मोबाईलवर. आमच्या टोळीतली सारजाबाई म्हणती जागा रिकामी हाय म्हणून बसलो आता उठवू नका.'

खाली कुणीतरी हसरे चेहरे टाकले. भजनी मंडळातल्या भगवानरावांनी लिहिलं, 'बैठक मोडू नये.'

सत्यशीलानं ताट बाजूला सारलं.

वेळ मागे ओढता येते, हे तिला ठाऊक होतं. दुपारी जशी पुढे ढकलली तशीच. पण आरोही नऊला सुटणार होती. आरोहीला फोन लावला; घंटा वाजत राहिली. लॅबमध्ये फोन कपाटात ठेवावा लागतो. तिनं पुन्हा लावला नाही. व्हॉट्सॲपवर लिहायला सुरुवात केली: 'आरू, लोक आठलाच आलेत,' आणि ते वाक्य कसं संपवावं ते तिला सुचेना.

प्रीमियर एकदाच होतो. नंतर तो साधा व्हिडिओ होऊन जातो, कुणीही केव्हाही बघावा असा. आरोहीला तो उद्याही बघता येईल, परवाही. बंकटलाही बघता येईल, खरं तर. पण तो कोपीवर सात जणांना धरून बसला होता, फोनची बॅटरी खर्चत, आणि कॅप्शनमध्ये लिहिलेल्या एका जागेवर विसंबून. ती जागा तिनं लिहिली होती. लिहिताना तिच्या मनात एकच माणूस होतं, हे आता तिला स्पष्ट दिसत होतं. आरोहीनं बरोबर ओळखलं होतं. पण ओळ तशी लिहिलेली नव्हती. ओळीत कुणाचंच नाव नव्हतं, आणि ज्यांनी वाचली त्यांनी ती खरी धरली.

चॅटमध्ये बंकट पुन्हा आला. 'बाई जमत नसंल तर ऱ्हाऊ द्या. आमी झोपतो.'

'थांबा,' सत्यशीलानं लिहिलं. 'सव्वाआठला सुरू करते.'

तिनं ॲपमध्ये वेळ बदलली, वर्णनातही बदलली. आरोहीला अर्धवट वाक्य पूर्ण करून पाठवलं: 'आरू, लोक आठलाच आलेत. फडावरची माणसं आहेत, नंतर झोपतील. सुरू करते आहे. तू सुटलीस की बघ.' एक खूण उमटली. दुसरी उमटली. निळी झाली नाही.

पानावर दोन मिनिटांचं काउंटडाउन सुरू झालं. ते पुढे सरकवता येत नाही. सगळ्यांना ते सारखंच सोसावं लागतं. आरोही ओट्यावर पाय हलवत मोठ्यानं उलट आकडे मोजायची. आता घरात फक्त फ्रिजचा आवाज होता.

व्हिडिओ सुरू झाला. अंबाजोगाईचं स्टँड, कोल्हापूरची सकाळ, घाटातली वळणं. फोन हातात एकटीनंच धरल्यामुळे चित्र थोडं तिरकं येई आणि ती स्वतः क्वचितच दिसे. आवाज मात्र सतत. चॅटमध्ये माणसं बोलू लागली.

'घाट लई वाकडा हाय.'

'ह्या रस्त्यानं मी ट्रक नेला आहे. रामकिसन, केज.'

'बाई तुमी दिसत न्हाई.'

'फोन मीच धरला होता,' तिनं उत्तर दिलं.

'सारजाबाई इचारती एकट्या गेलत्या का.'

'हो.'

'भ्या न्हाई वाटलं?'

सत्यशीलानं विचार केला. एरवी तिनं 'नाही' लिहिलं असतं. 'अंधाराचं नाही वाटलं. जेवायला एकटीनं बसायचं वाटलं,' तिनं लिहिलं. पाठवल्यावर तिला वाटलं हे काढावं. पण लगेच बंकटचं उत्तर आलं: 'सारजाबाई म्हणती ते खरं हाय.'

समुद्र आला तेव्हा दिवस होता. होड्या ओढून ठेवलेल्या, वाळूवर जाळी पसरलेली. बंकटनं लिहिलं की कोपीतल्या कुणीच समुद्र बघितलेला नाही, आणि मोबाईल आता सारजाबाईच्या हातात आहे, सगळे तिला म्हणतायत जरा लांब धर. मग व्हिडिओत संध्याकाळ झाली, कोर मावळली, आणि पडदा काळा झाला.

चॅट थांबली. मग एकदम:

'रेंज गेली का?'

'माझा मोबाईल बंद पडला वाटलं.'

'बाई काहीच दिसत न्हाई.'

सत्यशीलाला मुंजाजीचं 'कुणी बघणार न्हाई' आठवलं. आता माणसं उठतील, असं तिनं धरलं. व्हिडिओतला तिचा आवाज सांगत होता की पाय पाण्यात आहे, घोट्याभोवती रेघ उठली आहे, रंग निळा, किंचित हिरव्याकडे झुकणारा, लाटेबरोबर डावीकडे जातो आहे. आवाज तिचाच होता, शिकवताना असतो तसा, एकसुरी. आणि मग त्या काळ्या पडद्यात तो आवाज अचानक बदलला, मोठा झाला, घाईचा झाला: "आरू, इकडे बघ! आरू, हे बघ!"

त्यानंतर व्हिडिओत फक्त लाटा होत्या.

हे वाक्य तिनं संपादनात बरेचदा ऐकलं होतं. दर वेळी कापायचं ठरवलं होतं. तेव्हाही मागे वळून पाहिलं होतं तिनं; मागे वाळू होती, त्यापलीकडे एका घराचा दिवा.

मग चॅटमध्ये बंकट:

'दिसत न्हाई पण आवाज येतोय. फडात वारं सुटलं का आसाच आवाज येतो उसाचा.'

भगवानरावांनी लिहिलं, 'डोळे मिटून ऐकतो आहे.'

आणि बंकटच्या नावानं, पण बंकटच्या हातचं न वाटणारं, बोलून उमटवलेलं एक लांब वाक्य आलं: 'आरू कोण हाय बाई लेकरू हाय का तुमचं सारजाबाई बोलती मी.'

'माझी भाची,' सत्यशीलानं लिहिलं. 'पुण्याला कामाला आहे. येणार होती.'

'आमची पोरगी बी गावाकडं हाय आजीपाशी. मी बी इथं हाका मारती कधी कधी. सवय ऱ्हाती.'

तांब्याला टेकलेल्या फोनवरची लाटांची गाज घरभर झाली. रत्नागिरीहून परत आल्यापासून तिनं तो आवाज हेडफोन लावूनच ऐकला होता. मोकळ्या घरात तो पहिल्यांदाच येत होता.

परतीची बस आली. खिडकी, झाडं, पिशवी ठेवलेली सीट. व्हिडिओ संपला. चॅटमध्ये रामरामांची रांग लागली. बंकटनं लिहिलं, 'केलं बाई सबस्क्राईब. पोरानं दाबून दिलं. आता झोपतो. रामराम.' ती 'रामराम' लिहीपर्यंत तो गेला असावा.

पान बदललं. 'प्रीमियर' हा शब्द गेला, साधा व्हिडिओ उरला. तिनं गार झालेली भाकरी खाल्ली, भांडी घासली, मेथीचं पातेलं झाकून फ्रिजमध्ये ठेवलं. त्या कामात होती तेव्हा मुंजाजीचा निरोप आला: 'फोन चार्जिंगला व्हता. साडेनऊला बघतो.' तिनं त्याला झालं म्हणून कळवलं. त्यानं लिहिलं, 'आरं द्येवा. न्हाईतरी झोपलोच आसतो.'

आरोहीचा निरोप नऊनंतर आला. 'आत्या सुटले आत्ता. लिंक उघडली तर संपलेलं दाखवतंय.'

'हो. लोक आले होते. त्यांना उठवणं बरं दिसेना.'

आरोही टाइप करत असल्याचं वर दिसत होतं. थांबलं. पुन्हा दिसलं. सत्यशीला फोन हातात धरून उभी होती.

'उद्या बघते गं. लई दमले आज.'

'बघ. घाई नाही. जेव आधी.'

'तू जेवलीस?'

'हो.'

'ती ओळ काढलीस?'

'काढते.'

आरोहीनं झोपलेला चेहरा पाठवला. सत्यशीलानं स्टुडिओ उघडला आणि वर्णनावर बोट ठेवलं. प्रीमियर झाल्यावर कॅप्शन आवरायचं असतं. होऊन गेलेल्या वेळेचं बोलावणं तसंच ठेवलं तर वाचणाऱ्याला आपण चुकलो असं वाटतं. हे आरोहीनंच शिकवलेलं. तिनं वेळेची ओळ निवडली आणि पुसली. वर 'मला दिसला, कॅमेऱ्याला नाही' राहिलं. मग बोट खालच्या ओळीवर आलं.

ती ओळ तिनं पुन्हा वाचली. खिडकीजवळ मी आहे. शेजारची जागा रिकामी आहे. दुपारी आरोहीला जे कारण सांगता आलं नव्हतं ते आता सांगता आलं असतं, पण आरोही निरोप घेऊन गेली होती. तिनं फक्त मधला भाग निवडला आणि त्या जागी लिहिलं, 'शेजारी जागा आहे.' वाचून पाहिलं. हेही खरं होतं, आणि यानं अंगदला फोन करावासा वाटला नसता.

जतन केलं. मग व्हिडिओ सुरुवातीपासून लावला, आवाज मोठा केला आणि दिवा घालवला. काळ्या पडद्याचा भाग यायला अजून वेळ होता.